मोहोळच्या एका एकराची साक्ष

शितावरून भाताची परीक्षा, असे आपण सहज म्हणून जातो. पातेल्यातले एक शीत बोटांत दाबले की सगळा भात शिजला की नाही ते कळते. पण हे का जमते, याचा विचार आपण करत नाही. पातेल्यातले सगळे तांदूळ एकाच पाण्यात, एकाच जाळावर, वरखाली होत शिजलेले असतात. म्हणून कुठलेही एक शीत सगळ्यांच्या वतीने बोलू शकते.

शेत मात्र पातेल्यासारखे नसते. ते कुणी ढवळलेले नसते. ओढ्याकाठची काळी माती ओढ्याकाठीच राहते, वरच्या अंगाचा मुरूम वरच राहतो. एका कोपऱ्यातली चार कणसे आपल्याला त्या कोपऱ्याचीच हकिकत सांगतात, आणि त्यांच्या शेजारची चार कणसे बहुधा तीच हकिकत पुन्हा सांगतात. शेतात, माळावर, जंगलात जे जे मोजले जाते त्या सगळ्याला हा नियम लागू आहे. जवळच्या गोष्टी एकमेकींसारख्या असतात. संख्याशास्त्रात याला ‘स्थलीय स्वसहसंबंध’ असे जड नाव आहे. आपल्याकडे मात्र फार पूर्वीपासून म्हण आहे: ढवळ्याशेजारी बांधला पवळा, वाण नाही पण गुण लागला.

हा गुण लागतो किती, तो ओळखायचा कसा, आणि तो लक्षात न घेता हिशेब मांडला तर काय बिघडते, या तीन प्रश्नांचा इतिहास आज सांगायचा आहे. त्याचे एक पान आपल्या शेजारच्याच मुलखात लिहिले गेले आहे.

आमच्या मुरुडहून बार्शी, कुर्डुवाडी अशी वाट धरली की पुढे सोलापूर जिल्ह्यातले मोहोळ लागते. १९३० साली आमचा लातूरचा भाग निजामाच्या राज्यात होता आणि मोहोळ मुंबई इलाख्यात. सरहद्द मधे असली तरी दोन्हीकडे रब्बीची ज्वारी तीच आणि पावसाची चिंताही तीच. ज्या मालदांडीची भाकरी आजही आपल्या ताटात असते, ती ‘मालदांडी ३५-१’ ही निवड मोहोळच्याच संशोधन केंद्रावर झाली. त्याच मोहोळात १९३०-३१ ते १९३२-३३ या तीन हंगामांत ज्वारीवर एक वेगळाच प्रयोग झाला. त्यात नवे बियाणे नव्हते, नवे खत नव्हते, काहीच नवे नव्हते.

एका मोठ्या शेताच्या मध्यभागी एक एकर जमीन निवडली. लांबी २९० फूट, रुंदी १५० फूट. सगळीकडे एकच बियाणे, एकच पेरणी, एकच मशागत. पीक तयार झाल्यावर मात्र त्या एकराचे १६० सारखे तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकड्याचे धान्य वेगळे काढून वेगळे तोलले. एकराचे गुंठे चाळीस, म्हणजे एक तुकडा बरोबर पाव गुंठ्याचा. त्याची लांबी साडेबहात्तर फूट आणि रुंदी फक्त तीन फूट नऊ इंच. त्या रुंदीत पंधरा-पंधरा इंचांवर ज्वारीच्या तीन ओळी बसतात. आपल्या तिफणीची एक फेरी म्हणा. असे चाळीस तुकडे एकापुढे एक, आणि अशा चार रांगा.

कुणी विचारील, सगळे सारखेच पेरले असेल तर १६० वेळा तराजू कशाला लावायचा? खरी गंमत इथेच आहे. काहीही वेगळे केलेले नसताना तुकड्या-तुकड्यांत किती फरक पडतो, हे आधी कळल्याशिवाय उद्या नवे बियाणे पेरल्यावर दिसलेला फरक बियाण्याचा की जमिनीचा, हे सांगता येत नाही. अशा प्रयोगाला ‘एकसमान पेरणीची चाचणी’ म्हणतात. इंग्लंडात रॉथॅमस्टेडच्या केंद्रावर मर्सर आणि हॉल यांनी एक एकर गव्हाचे ५०० तुकडे करून ती केली होती, आणि १९११ साली तिचे आकडे छापले होते. मोहोळचे आकडे आर. के. कुलकर्णी, एस. एस. बोस आणि प्रशांतचंद्र महालनोबिस या तिघांनी अभ्यासले आणि १९३६ साली प्रसिद्ध केले. हे महालनोबिस म्हणजे ज्यांनी १९३१ साली कोलकात्याला भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली तेच. तुकडा किती मोठा घ्यावा आणि कोणत्या आकाराचा घ्यावा, म्हणजे प्रयोगाचा निकाल अधिक भरवशाचा होईल, हा त्यांचा प्रश्न होता.

प्रश्न साधा दिसतो, पण त्याच्या पोटात आपला विषय दडलेला आहे. शेजारचे तुकडे एकमेकांशी काही नाते नसलेले असते, तर हिशेब सोपा होता. चार तुकडे जोडून एक केला की सरासरीतली चूक निम्मी व्हायला हवी. सोळा जोडले की पाव व्हायला हवी. कारण एकाचे जास्त आणि दुसऱ्याचे कमी अशी फिटंफाट होत जाते. पण खऱ्या शेतात तुकडा आणि त्याचा शेजारी दोघेही बरडावर असतात, नाही तर दोघेही भारी जमिनीत असतात. दोघांची चूक एकाच बाजूला असते, मग फिटणार कशी? फेअरफील्ड स्मिथ यांनी १९३८ साली अनेक देशांतल्या अशा चाचण्या एकत्र करून दाखवले की तुकडा मोठा केला तर चूक कमी होते, पण नियमाने व्हावी तितकी होत नाही. जमीन जितकी पट्ट्यापट्ट्यांची, तितका मोठ्या तुकड्याचा फायदा कमी.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. आपण तुकडे मोजले १६०, पण शेताने आपल्याला १६० वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या नाहीत. कोर्टात साक्षीला एकाच घरातले पाच भाऊ उभे केले आणि पाचांनी रात्री एकत्र बसून ठरवलेली एकच जबानी दिली, तर न्यायाधीश ती पाच साक्षी धरत नाही. साक्षीदार पाच असले तरी साक्ष एक. रिग्रेशन नावाची जी हिशेबाची रीत आहे, म्हणजे एका गोष्टीच्या वाढीबरोबर दुसरी किती वाढते त्याची रेघ आखण्याची रीत, तिची मूळ अट हीच आहे. रेघ आखल्यावर जो फरक उरतो, तो प्रत्येक साक्षीदाराचा स्वतःचा असावा, शेजाऱ्याचे ऐकून आलेला नसावा.

हा आक्षेप पहिल्यांदा शेतीच्या बाहेर घेतला गेला. १८८८ साली लंडनच्या मानवशास्त्र संस्थेत एडवर्ड टायलर यांनी जगातल्या साडेतीनशेच्या आसपास समाजांच्या लग्नाच्या चालीरीतींचा तक्ता मांडला आणि कोणती रीत कोणत्या रीतीबरोबर आढळते ते दाखवले. अध्यक्षस्थानी फ्रान्सिस गाल्टन होते. त्यांनी विचारले, यातले किती समाज स्वतंत्रपणे त्या रीतीपर्यंत पोहोचले आणि किती जणांनी शेजाऱ्याकडून ती उचलली? उचलली असेल तर तो नवा पुरावा कसा? हा प्रश्न आजही ‘गाल्टनचा प्रश्न’ म्हणून ओळखला जातो. प्रश्न विचारला गेला, पण शेजाराची लागण मोजायची कशी, याची सरळ रीत हाती यायला आणखी साठ वर्षे जावी लागली.

ती रीत शोधणाऱ्यांत एक भारतीय नाव आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन परिषदेत काम करणारे पी. व्ही. कृष्ण अय्यर यांनी १९४९ साली ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकात चौकटींवर मांडलेल्या ठिपक्यांचे गणित सोडवले. त्याच सुमारास, १९४८ साली, ऑस्ट्रेलियन गणिती पॅट्रिक मोरॅन यांनी नकाशांसाठी तशीच चाचणी दिली होती. ही चाचणी इतकी साधी आहे की ती कागदावर करून पाहता येते. आपण करून पाहू.

समजा, एका शेताचे चार बाय चार असे १६ वाफे आहेत. सरासरीपेक्षा जास्त पिकलेले आठ वाफे काळे रंगवा आणि कमी पिकलेले आठ पांढरे ठेवा. आता वाफ्यांच्या मधले बांध मोजा. आडवे १२, उभे १२, एकूण २४ बांध. प्रत्येक बांधावर उभे राहून पाहायचे, दोन्हीकडचे वाफे एकाच रंगाचे आहेत की वेगळ्या? ज्या बांधाच्या एका बाजूला काळा आणि दुसऱ्या बाजूला पांढरा असेल त्याला आपण ‘मिश्र बांध’ म्हणू.

जमिनीत काही पट्टे नसतील, आणि आठ काळ्या व आठ पांढऱ्या चिठ्ठ्या मडक्यात घालून, हलवून, डोळे मिटून मांडाव्यात तसे हे रंग पडले असतील, तर सरासरीने १२.८ बांध मिश्र निघतात. निम्म्याहून किंचित जास्त. आता समजा आपल्या शेताच्या ओढ्याकडच्या दोन ओळी सगळ्या काळ्या आहेत आणि वरच्या दोन ओळी सगळ्या पांढऱ्या. मग मिश्र बांध फक्त मधले चार. बाकी वीस बांधांच्या दोन्ही बाजूंना सारखाच रंग.

१२.८ ची अपेक्षा आणि मिळाले ४. हे नुसत्या योगायोगाने घडेल का? तेही मोजता येते. सोळा वाफ्यांत आठ काळे मांडण्याचे एकूण प्रकार १२,८७०. त्यांतले मिश्र बांध चारच असणारे प्रकार फक्त चार: वरचा अर्धा काळा, खालचा अर्धा काळा, डावा अर्धा किंवा उजवा अर्धा. म्हणजे मडक्यातून चिठ्ठ्या काढून अशी मांडणी यायची तर सव्वातीन हजार खेपांत साधारण एकदा. तेव्हा हे रंग मडक्यातून आलेले नाहीत, त्यामागे जमिनीचा हात आहे, असे आपण बऱ्याच भरवशाने म्हणू शकतो. उलट, बुद्धिबळाच्या पटासारखे एकाआड एक रंग पडले असते तर चोवीसच्या चोवीस बांध मिश्र निघाले असते. तेही मडक्याचे काम नसते. तिथे शेजारी शेजाऱ्याचे ओरबाडून खातो आहे, असा संशय घ्यावा लागतो. मोठ्या झाडाच्या सावलीत दुसरे झाड खुरटते, तसे काहीसे.

काळा-पांढरा असा भेद केला की एक गोष्ट हातची जाते. थोडे जास्त पिकलेला वाफा आणि भरघोस पिकलेला वाफा दोन्ही काळेच. मोरॅन यांनी १९५० साली प्रत्यक्ष आकडे वापरणारे माप दिले. तेही कठीण नाही. एका ओळीत सहा वाफे आहेत आणि त्यांत ४, ५, ६, ८, ९, १० किलो ज्वारी निघाली असे धरा. सरासरी ७ किलो. प्रत्येकाचा सरासरीपासूनचा फरक लिहा: उणे ३, उणे २, उणे १, अधिक १, अधिक २, अधिक ३. मग शेजाऱ्या-शेजाऱ्यांच्या फरकांचे गुणाकार करा. ते येतात ६, २, उणे १, २ आणि ६. बेरीज १५, पाच शेजारांची सरासरी ३. दोघे एकाच बाजूला झुकलेले असले की गुणाकार अधिक येतो, विरुद्ध बाजूंना असले की उणा. आता प्रत्येक वाफ्याच्या फरकाचा वर्ग करून सरासरी काढली तर ती ४.६७ येते. तीनला तिने भागले की ०.६४. शेजारी ठामपणे एकमेकांसारखे असले की हा आकडा एकाच्या दिशेने सरकतो. काही नाते नसले तर शून्याच्या जरासा खाली राहतो. हेच सहा आकडे ४, ९, ६, १०, ५, ८ असे उलटसुलट मांडले तर उत्तर उणे ०.८१ येते. सरासरी तीच, धान्य तेवढेच, फक्त जागा बदलल्या. म्हणजे हे माप पिकाचे नाही, पिकाच्या मांडणीचे आहे.

इथवर आपण लागण ओळखायला शिकलो. आता ती रिग्रेशनला कशी फसवते ते पाहू. त्यासाठी ज्वारीच्या शेतातून माळरानावर जाऊ, कारण शेतात निदान आपण चिठ्ठ्या टाकून कोणत्या वाफ्यात कोणते बियाणे ते ठरवू शकतो. माळावर ती सोय नसते. गवत, बाभळी, पाखरे, पाऊस सगळे आपल्या मर्जीने जिथे आहे तिथेच असते.

समजा, एका अभ्यासकाने माळावर एका ओळीत १६० चौकोन आखले. प्रत्येक चौकोनात बाभळी मोजल्या आणि गवत कापून तोलले. हिशेब केला तर दोन्हींमधला सहसंबंध ०.२५ निघाला. संबंध अजिबात नसेल तर तो शून्य असतो आणि पक्का असेल तर एक, तेव्हा हा दुबळाच म्हणायचा. पण पुस्तकातल्या कोष्टकाप्रमाणे १६० स्वतंत्र नोंदी असतील तर ०.१६ च्या आसपासचा सहसंबंधसुद्धा ‘योगायोग नाही’ असे म्हणायला पुरतो. आपला तर ०.२५ आहे. अभ्यासक निष्कर्ष लिहितो: जिथे बाभळी वाढतात तिथे गवत वाढते.

पण त्याने एक गोष्ट पाहिली नाही. प्रत्येक चौकोनातल्या बाभळी शेजारच्या चौकोनातल्या बाभळींशी ०.८ इतक्या जुळत होत्या, आणि गवतही शेजारच्या गवताशी तितकेच जुळत होते. एम. एस. बार्टलेट यांनी १९३५ सालीच काळाच्या ओळीतल्या आकड्यांसाठी सूत्र दिले होते, तेच इथे लावता येते. दोन्ही जुळण्यांचा गुणाकार ०.६४. एकातून तो वजा केला की ०.३६, एकात मिळवला की १.६४. पहिल्याला दुसऱ्याने भागा: ०.२२. म्हणजे १६० नोंदींपैकी खऱ्या अर्थाने स्वतंत्र नोंदींएवढा ऐवज फक्त पस्तीसच्या आसपास. आणि पस्तीस नोंदींसाठी कोष्टक निदान ०.३३ मागते. आपल्याकडे आहे ०.२५. निकाल उलटला! आकडा तोच राहिला, त्याच्यामागचे साक्षीदार मात्र १६० वरून ३५ वर आले.

एक बारकावा इथे सांगायला हवा. बाभळींत लागण नसती, त्या मडक्यातल्या चिठ्ठ्यांप्रमाणे विखुरलेल्या असत्या, तर गुणाकार शून्य झाला असता आणि १६० चे १६० च राहिले असते. घात होतो तो दोन्ही बाजूंना पट्टे असतात तेव्हा. दोन ढग आभाळात आपापल्या वाटेने सरकत असले तरी एखाद वेळी त्यांच्या सावल्या एकमेकींवर पडतात, आणि मोठे ढग असले तर बराच वेळ पडलेल्या राहतात. त्यावरून त्यांचे नाते आहे असे ठरत नाही. शेतातल्या शास्त्रज्ञांना चिठ्ठ्या टाकून वाफे वाटून देण्याचा आग्रह रोनाल्ड फिशर यांनी १९२० च्या दशकात धरला, त्याचे मर्म हेच. जमिनीचे पट्टे काढून टाकता येत नाहीत, पण बियाण्याचे पट्टे पडू न देणे आपल्या हातात असते. माळावरच्या अभ्यासात ते हातात नसल्यामुळे पीटर क्लिफर्ड, सिल्व्हिया रिचर्डसन आणि डेनिस हेमॉन यांनी १९८९ साली बार्टलेटचा विचार नकाशासारख्या दोन दिशांच्या पसाऱ्याला लागू होईल असा वाढवला.

मग सावध अभ्यासक काय करतो? तो रेघ आखून थांबत नाही. प्रत्येक चौकोनात रेघेने सांगितलेले गवत आणि प्रत्यक्ष निघालेले गवत यांतला फरक, म्हणजे शिल्लक, तो काढतो. ती शिल्लक नकाशावर आपापल्या चौकोनात परत लिहितो आणि मोरॅनची चाचणी त्या शिलकीवर लावतो. मूळ गवतात पट्टे असणे हा दोष नाही. गवत तर पट्ट्यांतच उगवणार. शिलकीत पट्टे उरले तर मात्र रिग्रेशनची अट मोडली. शिलकीवर ही चाचणी कशी लावायची याचे गणित ॲण्ड्र्यू क्लिफ आणि कीथ ऑर्ड या दोघांनी बसवले, आणि १९७३ च्या त्यांच्या ग्रंथापासून ‘स्थलीय स्वसहसंबंध’ हे नाव सर्वत्र रुळले.

शिलकीचा नकाशा बहुतेक वेळा काहीतरी बोलतो. आपल्या माळाच्या उदाहरणात ओढ्याकडच्या सगळ्या चौकोनांत अधिक शिल्लक आणि टेकाडावर सगळीकडे उणी, असे दिसले असे समजा. मग कुदळ घेऊन मातीची खोली मोजावी. ओढ्याकडे माती खोल, तिथे ओल टिकते, तिथे बाभळीही जास्त आणि गवतही जास्त. खोली हा तिसरा आकडा हिशेबात घेतला की शिलकीतले पट्टे विरतात, आणि बाभळीचा गवतावर दिसणारा परिणामही आटतो. पट्टे म्हणजे बऱ्याचदा आपण मोजायला विसरलेल्या कारणाची सही असते. कारण हाती लागलेच नाही, तर शेजाराचे नाते हिशेबातच लिहून घेणाऱ्या रीती आहेत. त्या साक्षीदारांची खरी संख्या ओळखून मगच निकाल देतात. कॅनडातले परिस्थितीविज्ञानाचे अभ्यासक पिएर लेजांद्र यांनी १९९३ साली एका निबंधाच्या शीर्षकातच विचारले होते, हा स्वसहसंबंध अडचण आहे की नवी दृष्टी? दोन्ही आहे, हे आपल्याला या माळावर दिसते.

चाचणीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. पहिली म्हणजे शेजारी कोणाला म्हणायचे हे चाचणी सांगत नाही, ते आपण ठरवतो. मोहोळचाच तुकडा घ्या. त्याच्या लांब बाजूचा शेजारी पावणेचार फुटांवर आणि आखूड बाजूचा शेजारी साडेबहात्तर फुटांवर. दोघेही कागदावर शेजारी, पण एक भिंतीपलीकडचा आणि दुसरा गल्लीच्या टोकाचा. दोघांना एकाच मापाने तोलले तर उत्तर गढूळ येईल. म्हणून जाणकार एकाच अंतरावर थांबत नाहीत. आधी लगतचे, मग दोन तुकडे सोडून, मग पाच सोडून, असे वाढत्या अंतराने माप घेतात आणि लागण कुठे संपते ते पाहतात. पुढच्या वेळी नमुने त्याहून लांब घ्यावेत, हा त्यातला व्यवहार.

दुसरी मर्यादा अशी की चाचणी पट्टा आहे एवढेच सांगते, तो कशाने पडला ते सांगत नाही. बाभळीखाली बाभळी दाट आहेत, त्या तिथल्या ओलीमुळे की बी तिथेच गळल्यामुळे, की शेळ्यांनी शेंगा खाऊन लेंड्यांतून बी एका जागी टाकल्यामुळे? तिन्हींचा आकडा सारखाच येऊ शकतो. तिथे माणसाला चप्पल घालून माळावरच जावे लागते.

हे सगळे जुने पुराण आज का सांगावे? कारण साक्षीदार आता स्वस्त झाले आहेत. आज युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह जमिनीचे जे चित्र काढतात, त्यातला बारीकात बारीक ठिपका दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद असतो. म्हणजे शंभर चौरस मीटर. आपला गुंठा एकशे एक चौरस मीटरचा. जवळजवळ एक ठिपका म्हणजे एक गुंठा. मोहोळला एका एकराचे १६० तुकडे कापून तोलायला माणसे राबली. आज एका तालुक्याचे लाखो गुंठे घरबसल्या आकड्यांत मिळतात. पिकाचा अंदाज, दुष्काळाची पाहणी, जंगलाची मोजदाद यांत हे ठिपके वापरले जातात. लाखो नोंदी म्हटल्या की निकाल बिनचूक वाटतो. पण एका शिवारातले हजार ठिपके एकाच घरातले हजार भाऊ असू शकतात.

हे नुसते भय नाही. मध्य आफ्रिकेतल्या जंगलांच्या नकाशाची अशी परीक्षा २०२० साली प्रसिद्ध झाली. झाडांच्या वजनाचा अंदाज बांधणारी रीत तपासताना काही नोंदी बाजूला काढून ठेवतात आणि मग त्यांवर अंदाज पडताळतात. बाजूला काढलेल्या नोंदी चिठ्ठ्या टाकून निवडल्या, तेव्हा रीत चांगली उतरली. कारण प्रत्येक बाजूला काढलेल्या नोंदीचा सख्खा शेजारी अभ्यासाच्या वहीत होताच. पण एक सलग प्रदेशच्या प्रदेश बाजूला ठेवून पडताळले, तेव्हा अंदाज जवळपास निकामी ठरला. रीत जंगल शिकली नव्हती, शेजाऱ्याची पाटी पाहून उत्तर लिहीत होती.

आपल्या भागात याचा अर्थ अगदी रोकडा आहे. ओढ्याकाठच्या दहा वाफ्यांवरून सगळ्या मंडळातले पीक चांगले ठरले, तर टेकाडावरच्या शेतकऱ्याचे नुकसान कागदावर दिसतच नाही. एखाद्या बियाण्याची जाहिरात ‘अडीचशे वाफ्यांत सिद्ध’ म्हणून आली, आणि ते अडीचशे वाफे एकाच भारी जमिनीत लागून-लागून असतील, तर बरडावरचा माणूस आपले पैसे दुसऱ्याच्या मातीवर लावून बसतो. अशा वेळी विचारायचे प्रश्न दोनच आहेत, आणि त्यांना गणित लागत नाही. किती जागी पाहिले, हा पहिला. आणि त्या जागा एकमेकींपासून किती लांब होत्या, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असते. दुसरे विचारावे लागते.